स्टेटमेंटमध्ये न दिसणारी घसरण

काकूंनी पंच करून नीट लावलेली फाइल टेबलावर ठेवली आणि पदरानं चष्मा पुसत म्हणाल्या, "हे बघ, कोरोनाच्या वेळी सगळे बोंबलत होते, पण माझं वीस टक्केसुद्धा पडलं नव्हतं. जूनपर्यंत सगळं भरूनही निघालं. मग फंडाचे उरलेले पैसे यातच टाकले तर काय बिघडलं?"

काकू आमच्याच सोसायटीत राहतात. पोस्टातून निवृत्त झाल्या, त्यामुळे हिशेबाला पक्क्या. प्रत्येक महिन्याच्या स्टेटमेंटचा छापील कागद, त्यावर तांबड्या पेनानं एकूण रकमेला केलेला गोल, आणि शेवटच्या पानावर त्या गोलांची उतरवून काढलेली यादी. बेरीज-वजाबाकीत एक पैची चूक नव्हती. तरीही "वीस टक्के" हा आकडा चुकीचा होता, आणि "जूनपर्यंत भरून निघालं" हेही खरं नव्हतं. चूक होती ती त्यांनी कोणता आकडा उतरवून घेतला यात. म्युच्युअल फंडाचं स्टेटमेंट येणाऱ्या बहुतेक घरांत हीच चूक होते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो आहे.

आधी काकूंना नेमकं काय शोधायचं होतं ते पाहू. एखाद्या गुंतवणुकीचा मूल्यांक वर चढत एका शिखराला पोहोचतो, तिथून घसरतो आणि पुन्हा ते शिखर ओलांडण्याआधी एका तळाला जातो. शिखरापासून त्या तळापर्यंत किती टक्के उतरलं, ती झाली घसरण. पाहिलेल्या सगळ्या काळात अशा ज्या घसरणी झाल्या त्यांतली सर्वांत खोल घसरण म्हणजे मॅक्सिमम ड्रॉडाउन. दुसरा आकडा अस्थिरतेचा, ज्याला व्होलॅटिलिटी म्हणतात. दर महिन्याचा परतावा सरासरीपासून साधारण किती लांब भरकटतो, हे तो सांगतो. शाळेच्या गणितातलं प्रमाण विचलन ते हेच. पहिला आकडा सांगतो, सगळ्यात वाईट वेळी पैसे घालून बसलेल्याचं किती गेलं असतं. दुसरा सांगतो, एरवी प्रवासात हादरे किती बसतात. दोन्हींसाठी लागते ती फक्त महिन्यागणिक आकड्यांची एक यादी. मात्र ती यादी योग्य आकड्यांची हवी.

काकूंचे आकडे त्यांचे खासगी, ते इथे देत नाही. त्याच घडणीचं एक खातं कल्पू या, ज्यातला भाव कुणालाही पडताळता येईल. फंड निफ्टी ५० निर्देशांकावर चालणारा आहे आणि त्याची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, निफ्टीसोबत तंतोतंत हलते असं धरू. खर्च आणि लाभांश सोडून देऊ. ३१ डिसेंबर २०१९ ला खात्यात दोन लाख रुपये आहेत आणि दर महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवशी दहा हजारांची एसआयपी जाते. खालच्या तक्त्यातला दुसरा रकाना निफ्टीचा महिनाअखेरचा बंद भाव आहे. तिसरा रकाना स्टेटमेंटवर दिसेल ते मूल्य, त्या दिवशीच्या हप्त्यासह. चौथा नंतर लागेल.

| महिनाअखेर | निफ्टी | खात्यातलं मूल्य (₹) | डिसेंबर २०१९ = १०० |
|---|---|---|---|
| डिसेंबर २०१९ | १२,१६८.४५ | २,००,००० | १००.० |
| जानेवारी २०२० | ११,९६२.१० | २,०६,६०८ | ९८.३ |
| फेब्रुवारी | ११,२०१.७५ | २,०३,४७५ | ९२.१ |
| मार्च | ८,५९७.७५ | १,६६,१७४ | ७०.७ |
| एप्रिल | ९,८५९.९० | २,००,५६८ | ८१.० |
| मे | ९,५८०.३० | २,०४,८८१ | ७८.७ |
| जून | १०,३०२.१० | २,३०,३१७ | ८४.७ |
| जुलै | ११,०७३.४५ | २,५७,५६२ | ९१.० |
| ऑगस्ट | ११,३८७.५० | २,७४,८६७ | ९३.६ |
| सप्टेंबर | ११,२४७.५५ | २,८१,४८९ | ९२.४ |
| ऑक्टोबर | ११,६४२.४० | ३,०१,३७१ | ९५.७ |
| नोव्हेंबर | १२,९६८.९५ | ३,४५,७१० | १०६.६ |
| डिसेंबर | १३,९८१.७५ | ३,८२,७०८ | ११४.९ |

काकूंच्या पद्धतीनं तिसरा रकाना वाचा. शिखर जानेवारीत, २,०६,६०८ वर. तळ मार्चमध्ये, १,६६,१७४ वर. घसरण १९.६ टक्के. जूनमध्ये मूल्य २,३०,३१७ झालं, म्हणजे जानेवारीचं शिखर मागे पडलं. "वीस टक्केसुद्धा नाही, आणि जूनपर्यंत भरून निघालं." त्या म्हणत होत्या तसंच.

आता दुसरा रकाना वाचा. निफ्टी १२,१६८ वरून ८,५९७ वर आली. घसरण २९.३ टक्के. आणि डिसेंबर २०१९ ची पातळी ओलांडायला नोव्हेंबर २०२० उजाडावा लागला. जूनमध्ये गुंतवणूक अजून पंधरा टक्क्यांहून जास्त खाली होती.

हा दहा टक्क्यांचा फरक गेला कुठे? तो काकूंच्याच बँक खात्यातून आला होता. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चच्या अखेरीस मिळून तीस हजार रुपये खात्यात नव्यानं पडले. डिसेंबर ते मार्च मूल्य फक्त ३३,८२६ रुपयांनी कमी दिसतं. पण त्यात हे तीस हजार मिसळलेले आहेत, म्हणून बाजारानं खरोखर नेले ते ६३,८२६ रुपये. टाकीला खाली भोक पडलं असताना वरून नळ चालू ठेवला, तर पाण्याच्या पातळीवरून भोक किती मोठं ते कळत नाही. जानेवारीची ओळ पाहा. बाजार १.७ टक्के खाली आला, आणि स्टेटमेंटवरचं मूल्य ३.३ टक्के वाढलेलं दिसतं.

ही फसगत एकट्या काकूंची नाही. डिपॉझिटरीकडून येणाऱ्या एकत्रित स्टेटमेंटमध्ये, ज्याला सगळे 'कॅस' म्हणतात, मागच्या महिन्यांच्या एकूण मूल्याचा तक्ता असतो आणि त्याच्या शेजारी बदल टक्क्यांतही छापलेला असू शकतो. छापील टक्केवारी दिसली की ती परताव्याचीच असणार, असा माणसाचा समज होतो. पण तो बदल एकूण मूल्यातला असतो. त्यात बाजाराची चाल, नवे हप्ते आणि काढलेली रक्कम, सगळं एकत्र कालवलेलं असतं. पैसे काढले असतील तर चूक उलट्या बाजूला जाते. तीन लाखांच्या खात्यातून मुलीच्या फीसाठी दीड लाख काढले, तर यादीत पन्नास टक्क्यांची घसरण उमटते आणि फंड बिचारा जागचा हललेलाही नसतो.

एकाच फंडाचा प्रश्न असेल तर यावरचा उपाय अगदी साधा आहे. एकूण रकमेभोवतीचा गोल सोडा आणि त्याच ओळीत छापलेली एनएव्ही उतरवा. स्टेटमेंटमध्ये प्रत्येक योजनेखाली शिल्लक युनिट, त्या तारखेची एनएव्ही आणि दोन्हींचा गुणाकार, अर्थात मूल्य, असे तीन आकडे असतात. तुमचा हप्ता युनिटांची संख्या वाढवतो, एनएव्हीला तो हात लावत नाही. त्यामुळे एनएव्हीच्या यादीतून निघालेली घसरण ही फंडाचीच घसरण असते. पथ्य एकच. हे ग्रोथ पर्यायापुरतं खरं आहे. ज्या पर्यायात लाभांश हातात मिळतो, त्यात वाटपाच्या दिवशी एनएव्ही तेवढी खाली येते आणि ती घसरण नसते. अशा वेळी त्याच योजनेच्या ग्रोथ पर्यायाची एनएव्ही घ्यावी, मात्र तुमची योजना डायरेक्ट असेल तर डायरेक्टची आणि रेग्युलर असेल तर रेग्युलरची. फंड कंपन्यांची संघटना असलेल्या ॲम्फीच्या संकेतस्थळावर प्रत्येक योजनेच्या जुन्या एनएव्ही तारखेनुसार मिळतात.

प्रश्न अवघड होतो तो चार-पाच फंड असताना. प्रत्येकाची एनएव्ही वेगळी, आणि काकूंना तर सगळ्या खात्याची मिळून घसरण हवी होती. तेव्हा एकूण मूल्याकडेच परत यावं लागतं, पण आत-बाहेर गेलेले पैसे बाजूला काढून. महिनाअखेरच्या मूल्यातून त्या महिन्यात नव्यानं घातलेली रक्कम वजा करायची आणि उरलेल्याला मागच्या महिनाअखेरच्या मूल्यानं भागायचं. मार्चचं उदाहरण घ्या. १,६६,१७४ मधून १०,००० गेले, उरले १,५६,१७४. त्याला फेब्रुवारीच्या २,०३,४७५ नं भागलं की ०.७६७५ येतात, म्हणजे उणे २३.२५ टक्के. निफ्टी मार्चमध्ये नेमकी तेवढीच पडली. हप्ता वेगळा काढताच तिसऱ्या रकान्यातून दुसरा रकाना बाहेर आला.

असे महिन्याचे परतावे हाती आले की ते एकमेकांना साखळीसारखे जोडायचे. सुरुवात १०० पासून. जानेवारीत १.७ टक्के गेले, ९८.३ उरले. त्यातून फेब्रुवारीचे ६.३६ टक्के गेले, ९२.१ उरले. तक्त्यातला चौथा रकाना असाच तयार झाला आहे. ही तुमच्या स्वतःच्या खात्याची एनएव्हीच म्हणा. ड्रॉडाउन काढायचा तो या रकान्यावर, रुपयांच्या रकान्यावर नव्हे. हा रकाना आणखी एक गोष्ट दाखवतो. वर्षभरात मूल्य दोन लाखांवरून ३,८२,७०८ झालं, पण गुंतवणूक वाढली ती १४.९ टक्के. बाकीची बहुतेक भर काकूंच्या स्वतःच्या हप्त्यांची.

एक्सेल किंवा तत्सम तक्त्यात हे पाच मिनिटांचं काम आहे. A रकान्यात तारीख, B मध्ये मूल्य, C मध्ये त्या महिन्यात घातलेली रक्कम भरा. काढलेली रक्कम C मध्येच, पण उणे चिन्हासह. पहिला महिना दुसऱ्या ओळीत आहे असं धरून E2 मध्ये 100 आणि G2 मध्ये 0 लिहा, पुढची सूत्रं तिसऱ्या ओळीत टाका आणि खाली ओढा.

```
D3: =(B3-C3)/B2-1
E3: =E2*(1+D3)
F3: =MAX(E$2:E3)
G3: =E3/F3-1

=MIN(G2:G14)
=STDEV.S(D3:D14)*SQRT(12)
```

D हा महिन्याचा परतावा, E साखळी, F त्या दिवसापर्यंतचं शिखर आणि G शिखरापासून किती खाली आलो ते. शेवटच्या दोन ओळी रिकाम्या कोठ्यांत टाका. पहिली मॅक्सिमम ड्रॉडाउन देते, दुसरी वार्षिक अस्थिरता.

F रकान्यातलं ते डॉलरचं चिन्ह विसरू नका, सगळी मेख तिथे आहे. ते असलं की प्रत्येक ओळ फक्त आपल्या आधीचं शिखर शोधते. ही पायरी टाळून अनेक जण पूर्ण रकान्याचा सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा आकडा घेतात आणि त्यांतला फरक काढतात. २०२० च्या यादीत सर्वांत मोठा आकडा डिसेंबरचा १३,९८१ आणि सर्वांत छोटा मार्चचा ८,५९७. त्यावरून घसरण येते साडेअडतीस टक्के. पण डिसेंबर मार्चनंतर आला. डिसेंबरच्या शिखरावरून मार्चच्या तळाला कुणीही पडलेलं नाही, काळ मागे जात नाही. घसरणीत शिखर आधी आणि तळ नंतर हा क्रम सांभाळला तरच उत्तर २९.३ येतं.

आता अस्थिरतेकडे. बारा महिन्यांच्या परताव्यांची सरासरी १.६६ टक्के. प्रत्येक महिना या सरासरीपासून किती दूर आहे ते काढायचं, त्याचा वर्ग करायचा, बारा वर्गांची बेरीज अकरानं भागायची आणि वर्गमूळ घ्यायचं. उत्तर येतं दहा टक्के. हे महिन्याचं प्रमाण विचलन. वर्षाचं करण्यासाठी त्याला बारानं नाही, बाराच्या वर्गमुळानं, म्हणजे ३.४६ नं गुणायचं. कारण चढउतार एकमेकांना काही अंशी खाऊन टाकतात, ते सरळ बेरजेनं वाढत नाहीत. असं करून २०२० ची अस्थिरता ३४.६ टक्के निघते.

या बेरजेच्या आत डोकावलं तर एक गोष्ट दिसते. बारा वर्गांची बेरीज सुमारे ११००, त्यांतले ६२० एकट्या मार्चचे. निम्म्याहून जास्त अस्थिरता एका महिन्यातून आली आहे. आणि नोव्हेंबरची ११.४ टक्क्यांची उसळी, जिनं काकू खूश झाल्या, तीही यात भर घालते. अस्थिरतेच्या लेखी चढ आणि उतार सारखेच. म्हणून नुसत्या त्या आकड्यावर मी कधी थांबत नाही. माणसाची झोप उडते ती उतारानं, आणि उतार किती खोल गेला ते ड्रॉडाउनच सांगतो.

काकूंच्या चुकीच्या यादीवरून अस्थिरता काढून पाहिली, तेव्हा मात्र मी स्वतः थबकलो. हप्ते न वगळता महिन्याचं प्रमाण विचलन आलं ९.९ टक्के. खरं उत्तर दहा. ड्रॉडाउन दहा टक्क्यांनी चुकला आणि अस्थिरता जवळपास बरोबर! याचं कारण असं की ठरावीक हप्ता प्रत्येक महिन्याच्या टक्केवारीला साधारण सारखाच वर उचलतो. सगळेच वर उचलले गेले की सरासरीही वर जाते आणि तिच्यापासूनची अंतरं तेवढीच राहतात. पण हा केवळ हप्ता ठरावीक असल्याचा आणि शिल्लक मोठी असल्याचा परिणाम. ऑगस्टमध्ये एखादी मुदतठेव पिकली आणि एक लाख रुपये एकदम खात्यात आले असते, तर त्या महिन्याचा "परतावा" साडेपंचेचाळीस टक्के दिसला असता. खरा होता २.८. अस्थिरतेचा आकडा मग कशाच्याच कामाचा राहिला नसता. तेव्हा एक आकडा योगायोगानं बरोबर आला म्हणून यादी बरोबर आहे असं समजू नये. पडताळायची सोपी खूण सांगतो. D रकान्यात निर्देशांकाशी अजिबात न जुळणारा एखादा महिना दिसला, तर आधी त्या महिन्यात पैसे आत आले की बाहेर गेले ते पासबुकात पाहा.

आमच्या उदाहरणात हप्ता महिन्याच्या शेवटच्या दिवशी जातो, म्हणून हिशेब तंतोतंत जुळला. प्रत्यक्षात तो ५ किंवा १० तारखेला जातो आणि उरलेले वीस-पंचवीस दिवस तोही बाजारात असतो. दोन लाखांवर दहा हजारांचा हप्ता असेल तर यानं फरक दशांश टक्क्याच्या आसपास पडतो, तो सोडून द्यावा. रक्कम मोठी असेल तर मात्र सोडू नये. समजा दोन लाखांच्या खात्यात तीस दिवसांच्या महिन्याच्या १० तारखेला आणखी दोन लाख टाकले आणि महिनाअखेर मूल्य ४,१०,००० झालं. वाढ दहा हजारांची. वरच्या सूत्रानं परतावा पाच टक्के येतो, कारण नव्या दोन लाखांनी काही कामच केलं नाही असं ते धरून चालतं. पण ते तीसपैकी वीस दिवस कामाला होते. म्हणून भाजकात दोन लाखांशिवाय दोन लाखांचे दोन तृतीयांश, म्हणजे १,३३,३३३ मिळवायचे. दहा हजार भागिले ३,३३,३३३, उत्तर तीन टक्के. ही रीत पीटर डीट्झ या अमेरिकी अभ्यासकाच्या नावानं ओळखली जाते. पेन्शन फंडांची कामगिरी मोजताना त्यांच्यापुढे हाच प्रश्न होता. फंडात पैसे कधी यावेत आणि कधी जावेत हे व्यवस्थापकाच्या हातात नसतं, मग त्याच्या कामाचं माप त्यामुळे का बिघडावं?

आणखी एक घोळ मधल्या गायब महिन्यांचा. ज्या महिन्यात व्यवहार होतो त्या महिन्याचं कॅस येतं. काहीच व्यवहार नसेल तर ते सहामाही येतं. एसआयपी बंद केलेल्यांच्या फाइलमध्ये म्हणून भगदाडं असतात. काकूंच्या फाइलमध्येही एक जागा रिकामी होती आणि त्यांनी पुढचा महिना सरळ खाली लिहिला होता. असं केलं की दोन महिन्यांची चाल एका महिन्याची म्हणून मोजली जाते आणि बाराच्या वर्गमुळाचा हिशेब ढासळतो. शिवाय नेमका तळ त्या भगदाडात पडला असेल तर तो कधी दिसतच नाही. मधला आकडा अंदाजानं, आधीच्या आणि नंतरच्या सरासरीनं भरणं हे त्याहून वाईट, कारण त्यानं चढउतार खोटेपणानं सपाट होतात. हातात शिल्लक युनिट आहेत आणि ॲम्फीकडे जुनी एनएव्ही आहे. गुणाकार करून खरा आकडा भरता येतो, तोच भरावा.

एवढं सगळं नीट केलं तरी महिनाअखेरच्या आकड्यांना एक मर्यादा आहे, आणि ती काकूंना सांगणं मला सर्वांत गरजेचं वाटलं. २९.३ टक्के ही महिनाअखेरची घसरण. पण निफ्टीचं खरं शिखर १४ जानेवारी २०२० ला होतं, १२,३६२ वर, आणि तळ २३ मार्चला, ७,६१० वर. त्या एका दिवसात ती जवळपास तेरा टक्के कोसळली होती. दररोजच्या बंद भावांवर घसरण होते ३८.४ टक्के. तळाच्या दिवसापासून ३१ मार्चपर्यंत बाजार पुन्हा तेरा टक्के वर आला होता, आणि स्टेटमेंटनं फक्त ३१ मार्च पाहिला. महिन्याच्या यादीवरून काढलेला ड्रॉडाउन दररोजच्या आकड्यांवरून काढलेल्यापेक्षा कधीच मोठा येऊ शकत नाही. तो खऱ्या घसरणीएवढा किंवा तिच्याहून कमी असतो. म्हणून एका फंडाचा महिन्याचा ड्रॉडाउन आणि दुसऱ्याचा दररोजचा यांची तुलना करू नये. दुसरा विनाकारण वाईट ठरतो.

तसंच कोणतं वर्ष मोजलं यावरही सगळं अवलंबून. हीच रीत निफ्टीच्या २०१७ च्या महिनाअखेरच्या भावांना लावली तर वार्षिक अस्थिरता ९.६ टक्के येते आणि मॅक्सिमम ड्रॉडाउन तीन टक्क्यांहूनही कमी, जुलै ते सप्टेंबरमधला. निर्देशांक तोच, फक्त तीन वर्षांचं अंतर. आणि डिसेंबर २००७ ते नोव्हेंबर २००८ या काळात महिनाअखेरच्या भावांवरच घसरण ५५ टक्के होती. ज्याची फाइल २०१० नंतर सुरू होते त्याला ती दिसणार नाही. म्हणून आकड्याशेजारी काळ लिहिलाच पाहिजे. "माझा ड्रॉडाउन २९ टक्के" हे अर्धं वाक्य आहे. "डिसेंबर २०१९ ते डिसेंबर २०२०, महिनाअखेरच्या आकड्यांवर, हप्ते वगळून २९ टक्के" हे पूर्ण वाक्य.

काकूंनी फाइलच्या शेवटच्या पानावर वीस खोडून एकोणतीस लिहिलं. मग विचारलं, "म्हणजे भरून यायला एकोणतीस टक्के वाढ लागली?" नाही. शंभराचे ७०.७ झाल्यावर पुन्हा शंभर व्हायला साडेएकेचाळीस टक्के वाढ लागते, कारण चढ मोजायचा तो खालच्या आकड्यावर. काकू थोडा वेळ गप्प बसल्या. निवृत्तीचे सगळे पैसे तिथे टाकायचा बेत त्यांनी त्या दिवशी पुढे ढकलला. किती टाकायचे ते घरी बसून ठरवू म्हणाल्या. पुढचं त्यांचं त्यांनी ठरवायचं. पण ठरवताना समोर वीस असणं आणि अडतीस असणं यांत फार अंतर आहे.

तुमची जुनी स्टेटमेंटं हरवली असतील तर त्यासाठी अडून बसू नका. कॅम्स किंवा केफिनटेक या निबंधक कंपन्यांच्या संकेतस्थळावर ईमेल आणि पॅन देऊन पहिल्या दिवसापासूनचं सविस्तर स्टेटमेंट मागवता येतं. मागवताना संक्षिप्त नव्हे, सविस्तर हाच पर्याय निवडा. त्यात प्रत्येक एसआयपीची तारीख, रक्कम, त्या दिवसाची एनएव्ही आणि मिळालेली युनिटं एकाखाली एक छापलेली असतात. जुलै २०२० पासूनच्या दहा हजारांच्या हप्त्यांखाली पन्नास पैशांच्या मुद्रांक शुल्काची ओळही दिसेल, तिच्याकडे दुर्लक्ष करा. एसआयपी अखंड चालू असेल तर त्या कागदावरचा एनएव्हीचा रकाना म्हणजे दर महिन्याला एकाच तारखेच्या आसपास घेतलेली तयार यादीच आहे, ती वरून खाली तशीच उतरवून घ्या.